तुपाची कॉफी: तवंग न येता दाट, सायीसारखा कप कसा जमवावा

काळ्या कॉफीच्या कपात चमचाभर तूप टाकून ढवळले, तर काय होते हे अनेकांनी एकदा तरी करून पाहिलेले असते. तूप वितळते, सोनेरी ठिपक्यांच्या रूपाने वर येते आणि पहिल्याच घोटाला ओठांना चिकटते. खाली उरलेली कॉफी मात्र पूर्वीइतकीच पातळ आणि कडू राहते. हा अनुभव घेतलेला माणूस पुन्हा त्या वाटेला सहसा जात नाही. वस्तुतः त्या कपात तूप होते आणि कॉफीही होती, पण ती दोन्ही एकजीव झालेली नव्हती. हा लेख त्या एकजीव करण्याविषयी आहे, कारण चव, दाटपणा आणि पोटाला मानवणे या तीनही गोष्टी बऱ्याच अंशी त्यावरच ठरतात.

गरम पेयात स्निग्ध पदार्थ घुसळण्याची पद्धत जुनी आहे. तिबेटात चहाच्या काढ्यात लोणी आणि मीठ घालून तो उंच, नळकांड्यासारख्या लाकडी भांड्यात दांड्याने घुसळतात. इथिओपियाच्या काही भागांत कॉफीत लोणी घालतात. सिंगापूर आणि मलेशियातील जुन्या कॉफीच्या दुकानांत गरम कॉफीवर लोण्याची चकती सोडून देण्याची रीत आहे. अलीकडची जी लाट आपल्याकडे पोहोचली, ती अमेरिकेतून आली. तेथे डेव्ह अ‍ॅस्प्री यांनी तिबेटी चहावरून सुचलेली लोणी-कॉफीची कृती 2009 च्या सुमारास लोकांपुढे मांडली आणि पुढे ती ‘बुलेटप्रूफ’ या नावाने विकली. भारतात तीच कृती लोण्याऐवजी तुपाने होऊ लागली, आणि घरोघरच्या कपांत तवंग दिसू लागला तो नेमका या बदलामुळे.

तूप वेगळे का होते

लोणी आणि तूप ही एकाच घरातली असली, तरी पाण्याशी त्यांचे वागणे वेगळे असते. बाजारात मिळणाऱ्या बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो; उरलेल्या भागात बहुतांश पाणी आणि एक-दोन टक्के दुधातील घनपदार्थ असतात. हे घनपदार्थ दिसायला नगण्य आहेत, पण काम मोठे करतात. त्यातील प्रथिने आणि काही स्निग्ध संयुगे यांचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. घुसळताना स्निग्धांशाचे बारीक थेंब तयार झाले, की हे रेणू प्रत्येक थेंबाभोवती पातळ कवच धरतात आणि थेंबांना परत एकमेकांत मिसळू देत नाहीत. म्हणून बटर घातलेली कॉफी थोड्या घुसळण्यानेही दुधाळ होते आणि कप संपेपर्यंत बरीचशी तशीच राहते.

तूप कढवताना आपण नेमके हेच कवच काढून टाकतो. पाणी उडून जाते, प्रथिने तळाशी तांबूस होऊन बेरी बनतात आणि गाळणीत अडकतात. खाली उतरते ते जवळजवळ निव्वळ स्निग्ध. तूप महिनोन्महिने टिकते याचे कारण हे, आणि कॉफीत टिकत नाही याचेही कारण हेच. कितीही जोरात घुसळले तरी तुपाचे थेंब उघडे असतात. ते हलके असल्यामुळे वर सरकतात, एकमेकांना मिळतात आणि पाच-सात मिनिटांत पृष्ठभागावर तवंग दिसू लागतो. नवशिक्याला वाटते की आपला मिक्सर कमी पडला. बहुतेक वेळा मिक्सर नव्हे, थेंबांना धरून ठेवणारा पदार्थ कमी पडलेला असतो.

उपाय साधा आहे आणि तो आपल्या स्वयंपाकघरातच आहे: तुपाबरोबर मोठा चमचाभर, म्हणजे 15 मिलिलिटर दूध घालावे. तेवढ्या दुधात साधारण अर्धा ग्रॅम प्रथिने असतात आणि लहान चमचाभर तुपाच्या थेंबांना ती पुरतात. दूध नको असेल, तर अर्धा लहान चमचा दुधाची पावडर चालते. ज्यांना दुधातील साखर पचत नाही ते खाण्याच्या दर्जाचे सोया लेसिथिन चिमूटभर वापरू शकतात. मात्र ते जास्त झाले की कॉफीला कच्च्या सोयाबीनसारखा वास येतो, तेव्हा चिमूट म्हणजे खरोखरच चिमूट. तुपाच्या कॉफीत दूध घालणे म्हणजे मूळ कल्पनेलाच धक्का, असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. चमचाभर दुधाने कॉफी दुधाची होत नाही, फक्त तूप तुपाच्या जागी राहते.

तूप, लोणी की बटर

घरच्या कढवलेल्या तुपाला भाजका, खमंग वास असतो आणि तो कॉफीच्या भाजलेपणाशी चांगला जुळतो. पण गरम कॉफी ही वासाची निर्दय परीक्षक आहे. भातावर वाढताना कळणार नाही इतका खवटपणा कॉफीच्या वाफेबरोबर सरळ नाकात जातो. म्हणून कॉफीसाठी वापरायच्या तुपाचा वास आधी घ्यावा: लहान चमचाभर तूप तळहातावर वितळवून हुंगले, की खवट, जुन्या रंगासारखा वास असल्यास लगेच समजतो. तळापर्यंत खरवडून काढलेले, बेरीचे कण आलेले तूपही टाळावे, कारण ते कण कपाच्या तळाशी बसतात आणि शेवटचा घोट करपट लागतो. गाईचे की म्हशीचे, याने फरक पडतो तो वासाचा आणि रंगाचा. एकजीव होण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

घरच्या पांढऱ्या लोण्याबाबत मात्र सावध राहावे. आपल्याकडे लोणी बहुधा विरजलेल्या सायीचे असते, आणि ते नीट धुतलेले नसेल तर त्यात आंबट ताक अडकून राहते. असे लोणी गरम कॉफीत गेले, की ताकातील प्रथिने आंबटपणा आणि उष्णता यांमुळे साकळतात आणि कपात पांढरे बारीक कण तरंगू लागतात. ते खाण्यास वाईट नसतात, पण दिसायला फाटलेल्या दुधासारखे दिसतात आणि जिभेला खरखरीत लागतात. लोणी थंड पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा धुतले आणि ते दोन दिवसांच्या आतले असले, तर त्याची कॉफी तुपापेक्षाही मऊ होते.

बाजारचे पिवळे बटर सर्वांत सहज मिसळते, पण ते खारे असते. दहा ग्रॅम बटरबरोबर साधारण पाव ग्रॅमपर्यंत मीठ कपात येते. मीठ कडूपणा दाबते, त्यामुळे कडक कॉफीत ते काहींना आवडते. बटर दहा ग्रॅमच्या पुढे गेले की मात्र कॉफी सरळ खारट लागते. बिनमिठाचे बटर मिळत असेल तर प्रश्नच मिटतो. मार्जरिन किंवा वनस्पती तूप यासाठी वापरू नये. चव मेणचट येते, आणि त्या चवीपलीकडेही ते टाळण्याची कारणे आहेत.

एका कपाची कृती, मापासह

कॉफी कोणती घ्यावी, यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मध्यम ते गडद भाजलेली, कमी आंबट कॉफी घ्यावी. हलकी भाजलेली, फळांसारख्या आंबट चवीची महागडी कॉफी तुपाखाली वाया जाते. दक्षिणी पद्धतीची चिकोरी मिसळलेली पूडही चालते, किंबहुना चिकोरीमुळे दाटपणा वाढतो. झटपट कॉफी वापरणाऱ्यांनी 180 मिलिलिटर गरम पाण्याला एक भरगच्च लहान चमचा पूड घ्यावी. तुपामुळे चव सौम्य होते, म्हणून नेहमीपेक्षा थोडी कडक करावी.

मी करतो तो कप असा. 12 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी पूड, म्हणजे सुमारे दोन मोठे चमचे, भांड्यात घेतो. 200 मिलिलिटर पाणी उकळून, ते अर्धा मिनिट तसेच ठेवून पुडीवर ओततो, एकदा ढवळतो आणि झाकण ठेवून चार मिनिटे थांबतो. नंतर कागदी फिल्टरमधून गाळतो. फिल्टर कागदाचाच का, ते पुढे येईल. पूड आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून कपात सुमारे 175 मिलिलिटर कॉफी उतरते. स्टीलच्या फिल्टरचा डिकॉक्शन वापरायचा असेल, तर 60 मिलिलिटर डिकॉक्शनमध्ये 115 मिलिलिटर कडकडीत पाणी घालावे, पण डिकॉक्शन ताजे आणि गरम हवे.

कॉफी मुरत असते तेव्हा ज्या कपात प्यायचे तो कप आणि ज्यात घुसळायचे ते भांडे गरम पाण्याने विसळून घ्यावे. ही पायरी गाळू नये. तूप साधारण 32 ते 35 अंश सेल्सियसच्या आसपास घट्ट होऊ लागते. थंड स्टीलच्या भांड्याच्या कडेला लागले की तेथेच त्याचा पांढरा थर जमतो आणि तेवढे तूप घुसळण्यात येतच नाही. थंडीच्या दिवसांत नाशिकसारख्या ठिकाणी हे ठळकपणे दिसते.

आता गरम भांड्यात एक सपाट लहान चमचा तूप आणि मोठा चमचाभर कोमट दूध घ्यावे. फ्रिजमधले थंड दूध घालू नये. त्यावर सगळी कॉफी एकदम न ओतता आधी पाव कपभर, साधारण 50 मिलिलिटर ओतावी आणि तेवढ्यावरच पंधरा सेकंद घुसळावे. थोड्या द्रवात तूप जास्त असले, की पाते प्रत्येक थेंबापर्यंत पोहोचते आणि थेंब बारीक होतात. भरपूर कॉफीत तूप टाकले तर ते पात्याला चुकवून वर तरंगत राहते. मिश्रण टॉफीच्या रंगाचे आणि साययुक्त दिसू लागले, की उरलेली कॉफी ओतून आणखी पंधरा ते वीस सेकंद घुसळावे. जास्त वेळ घुसळल्याने काही साधत नाही, फक्त कॉफी निवते.

साखर किंवा गूळ घालायचा असेल तर तो या सगळ्यानंतर, कपात. गुळातील आंबट अंशामुळे गरम दूध कधी कधी फाटते, तेव्हा दुधाचे काम आधी पुरे होऊ द्यावे. मधाची गोष्ट वेगळी आहे. तूप आणि मध समान प्रमाणात एकत्र घेणे आयुर्वेदात विरुद्ध मानले आहे आणि मध गरम करू नये असेही सांगितले आहे. ज्या घरांत हे पाळले जाते तेथे या कपात मध घालण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

कशाने घुसळावे

उंच भांड्यात हँड ब्लेंडर बुडवून चालवणे हा सर्वांत सुरक्षित आणि चांगला मार्ग आहे. भांडे उघडे असल्यामुळे वाफ कोंडत नाही, आणि पाते तळाशी धरून मग हळूहळू वर आणले की वरचे तूपही खाली खेचले जाते. बॅटरीवर चालणारा लहान फ्रॉथर स्वस्त असतो आणि एका कपाला पुरतो. फक्त त्याला पंधरा सेकंदांऐवजी चाळीस-पन्नास सेकंद द्यावे लागतात.

मिक्सर वापरताना मात्र गरम द्रवाचा स्वभाव माहीत हवा. बंद भांड्यात गरम कॉफी एकदम घुसळली जाते, तेव्हा ती वरच्या हवेत शिंतोड्यांच्या रूपाने पसरते, हवा क्षणात तापून फुगते, वाफेची भर पडते आणि झाकण वर फेकले जाते. मी पहिल्यांदा चटणीच्या छोट्या भांड्यात हा प्रयोग केला होता. भांडे पाऊण भरलेले, झाकण घट्ट आणि बटण सरळ मोठ्या वेगावर. झाकण ओट्यापलीकडे गेले, कॉफी कपाटाच्या दारावरून ओघळली, आणि मनगटावर भाजल्याची खूण आठवडाभर राहिली. दोष मिक्सरचा नव्हता.

तेव्हापासूनचा नियम असा की चटणीचे छोटे, बंद झाकणाचे भांडे या कामाला घ्यायचे नाही. मधल्या आकाराचे भांडे घ्यावे आणि ते एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. झाकणाच्या मधोमध काढता येणारी टोपी असेल तर ती काढून तेथे घडी केलेला सुती कपडा धरावा, म्हणजे वाफेला वाट राहते. अशी टोपी नसेल, तर कॉफी ओतल्यावर अर्धा मिनिट भांडे उघडे ठेवून पहिली वाफ जाऊ द्यावी, झाकण कपड्याने वरून हलके दाबून धरावे आणि मिक्सर एकेका सेकंदाच्या झटक्यांनी चालवावा. सलग चालवायचे असेल तर या चार-पाच झटक्यांनंतर, आणि तेही सर्वांत कमी वेगावर. झाकण बंद बाटलीत गरम कॉफी भरून ती हाताने हलवण्याचा उद्योग काही जण करतात; तो मुळीच करू नये.

वीज नसताना, किंवा यंत्र नकोच असेल तर, घरातली रवी चालते. अरुंद आणि उंच भांड्यात तूप, दूध आणि पाव कप कॉफी घेऊन दोन्ही तळव्यांत रवी दीड-दोन मिनिटे जोरात फिरवावी, मग उरलेली कॉफी घालून पुन्हा अर्धा मिनिट. ज्या रवीने ताक घुसळून लोणी वेगळे काढायचे, तिनेच ते परत पाण्यात मिसळायचे, यातली गंमत माझ्या आईने पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिच्या लगेच लक्षात आली. रवीने थेंब यंत्राइतके बारीक होत नाहीत, त्यामुळे ही कॉफी केल्या केल्या प्यावी.

जमले की नाही, हे कसे ओळखावे

कप खिडकीजवळ नेऊन पृष्ठभागाकडे तिरके पाहावे. नीट एकजीव झालेल्या कॉफीवर बारीक, फिकट फेस असतो आणि त्याखालचा रंग सर्वत्र सारखा, मळकट तपकिरी असतो. रंग फिकट होतो तो दुधामुळे फार थोडा. मुख्यतः तुपाचे असंख्य बारीक थेंब प्रकाश विखुरतात म्हणून. पृष्ठभागावर पिवळी, चकाकणारी गोल वर्तुळे दिसली तर ते सुटलेले तूप समजावे. लगेच एक-दोन वर्तुळे असली तर काळजीचे कारण नाही. पाच मिनिटांनी ती वाढून एकमेकांना मिळू लागली, तर दूध कमी पडले आहे किंवा तूप जास्त झाले आहे.

तवंग आलेला कप टाकून देण्याची गरज नसते. तो पुन्हा गरम करून, आणखी लहान चमचाभर दूध घालून परत घुसळावा. पण गरम करताना उकळी आणू नये. उकळीने प्रथिनांचे कवच मोडते आणि आधी धरलेले तूपही सुटते. कपाच्या कडेला पांढरा मेणासारखा थर आणि ओठांना चिकटपणा, ही कॉफी थंड झाल्याची खूण आहे. ही कॉफी रेंगाळत पिण्याची नाही. दहा-बारा मिनिटांत संपवावी. थर्मासमध्ये भरून कार्यालयात नेण्याचा बेत असेल, तर तूप वेगळ्या डबीत न्यावे आणि तेथे फ्रॉथरने घुसळावे.

आणखी एक चूक वारंवार दिसते. जास्त दाट हवी म्हणून लोक तूप वाढवत जातात. 175 मिलिलिटर कॉफीत लहान चमचाभर तूप दाटपणाला पुरते. दोन लहान चमच्यांनंतर दाटपणा वाढत नाही, तोंडात तेलकटपणा तेवढा वाढतो. अधिक दाट हवी असेल तर पाणी कमी करावे.

पोषणाचे प्रश्न

लहान चमचाभर तूप म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, सुमारे 40 उष्मांक आणि त्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्धांश. मोठा चमचा घेतला तर हे आकडे तिप्पट होतात: 120 उष्मांक आणि आठ ग्रॅमच्या वर संपृक्त स्निग्धांश. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त स्निग्धांश एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असे सांगते. दिवसाला 2000 उष्मांक घेणाऱ्यासाठी तो सुमारे 22 ग्रॅम होतो. म्हणजे लहान चमच्याचा एक कप दिवसभराच्या वरणभातावरच्या तुपात सामावून घेता येतो. अमेरिकी पद्धतीने दोन मोठे चमचे बटर आणि वर तेवढेच तेल घातले, तर तो कप चारशेहून अधिक उष्मांकांचा होतो. ते पेय राहत नाही, अर्धे जेवण होते, आणि त्या अर्ध्या जेवणात प्रथिने आणि तंतू जवळजवळ नसतात. म्हणून न्याहारीऐवजी नुसती तुपाची कॉफी घेण्यापेक्षा तिच्याबरोबर एखादे अंडे किंवा मुगाचे धिरडे असणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

वजन उतरते का, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. कॉफीत मिसळल्याने तुपाचे उष्मांक कमी होत नाहीत. स्निग्धांशामुळे पोट थोडे सावकाश रिकामे होते आणि काहींना दोन-तीन तास भूक लागत नाही; त्यामुळे पुढचे खाणे खरोखरच कमी झाले तर उपयोग होईल, न झाल्यास दिवसाच्या हिशोबात भरच पडेल. ‘कॅफीन हळूहळू मिळत राहते आणि दिवसभर तरतरी टिकते’ हा दावा मात्र फुगवलेला आहे. पोट सावकाश रिकामे झाल्याने कॅफीन थोडे उशिरा शोषले जाऊ शकते, एवढाच त्यात अर्थ आहे. निरोगी प्रौढाने दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या आत, तर गर्भवतींनी 200 मिलिग्रॅमच्या आत कॅफीन ठेवावे ही सर्वसाधारण मर्यादा तुपाच्या कॉफीलाही लागू आहे. वरील कपात अंदाजे शंभर मिलिग्रॅम असते.

उपवासाबाबत आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एकादशीच्या किंवा चतुर्थीच्या उपवासाला तूप चालते आणि बहुतेक घरांत कॉफीही चालते, तेव्हा तुपाची कॉफी चालावी यात विशेष काही नाही. ठरावीक तास काहीही न खाण्याची जी आधुनिक पद्धत आहे, तिच्यात मात्र उष्मांक पोटात गेले की काटेकोर अर्थाने उपास मोडतो. तुपाने रक्तातील साखर फारशी वाढत नाही हे खरे, पण ते निराळे.

सकाळी उपाशीपोटी रक्ततपासणी असेल, तर मात्र हा कप कटाक्षाने टाळावा. स्निग्ध पदार्थ पोटात गेल्यावर काही तास रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले राहतात आणि अहवाल चुकीचा येतो. त्या सकाळी फक्त पाणी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनीही गोळी आणि कॉफी यांत किमान अर्धा तास, शक्यतो एक तास जाऊ द्यावा. कॉफीमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, मग कॉफी तुपाची असो वा साधी.

आता कागदी फिल्टरविषयी. कॉफीच्या बियांत स्वतःचे तेलकट अंश असतात आणि त्यांतील कॅफेस्टॉल नावाचा घटक रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद तो बराचसा अडवून धरतो. धातूची जाळी, गाळणी किंवा पूड उकळून केलेली कॉफी अडवत नाही. ज्या कपात आपण मुद्दाम संपृक्त स्निग्धांश घालणार आहोत, त्यात हा दुसरा भार कशाला, एवढाच त्यामागचा विचार. स्टीलच्या फिल्टरचा डिकॉक्शन कधीमधी घेतल्याने बिघडत नाही, पण रोजचा कप कागदातून गाळलेला असावा. झटपट कॉफीत हा घटक अगदीच नगण्य असतो.

ज्यांचे कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड आधीच वाढलेले आहेत, ज्यांना पित्ताशयात खडे आहेत किंवा स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याची सवय लावू नये. पित्ताशय काढलेल्यांना एकदम इतका स्निग्धांश घेतल्यावर जुलाब होऊ शकतात. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना ‘तुपाने कॉफीची आग शमते’ असे सांगितले जाते. काहींना तसे वाटतेही, पण स्निग्धांशाने पोट उशिरा रिकामे होत असल्यामुळे कित्येकांना जळजळ उलट वाढते. दोन-तीन दिवस अर्धा चमचा तूप घेऊन पाहिले की आपण कोणत्या बाजूचे ते कळते. कोलेस्टेरॉल ठीक असलेल्यानेही रोज घ्यायचे ठरवले, तर सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करून घ्यावे, कारण संपृक्त स्निग्धांशाला प्रत्येकाचे शरीर सारखेच प्रतिसाद देत नाही.

राहिले ते भांडे. कप संपवून मिक्सरचे भांडे ओट्यावर तसेच ठेवले, तर तासाभरात पात्याखाली तुपाचा थर गोठतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीत जो जुनाट वास येतो तो तेथूनच येतो. भांडे रिकामे होताच त्यात अर्धा पेला गरम पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवावे, झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवावी, आणि भांडे पालथे घालण्याआधी ती कडी एकदा हुंगून पाहावी.